खालची कवळी हलते, त्याला उपाय काय? दोन स्क्रूंवर बसणाऱ्या कवळीची माहिती

दावतीत दस्तरख्वानावर बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे कधी नीट पाहिले आहे का? काहीजण गोश्ताचा तुकडा बाजूला सारून फक्त शोरव्यात रोटी भिजवून खातात. काहीजण बोलताना हनुवटीवर हात ठेवतात. काहींची कवळी डबीत असते, ती फक्त लग्नकार्यात फोटोपुरती तोंडात जाते. विचारले तर उत्तर ठरलेले असते: "वरची चांगली आहे, पण खालची काही केल्या बसत नाही."

हे उत्तर बहुतेक वेळा खरे असते. आपण मात्र ते वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो, नाहीतर कवळी बनवणाऱ्या डॉक्टरांना दोष देतो. खालची कवळी हलण्यामागे जबड्याच्या रचनेची कारणे आहेत आणि त्यावर एक उपायही आहे. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला दोन छोटे स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवायचे आणि त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी कवळी घालायची. दंतवैद्यकात याला इम्प्लांट ओव्हरडेंचर म्हणतात. अंबडसारख्या तालुक्याच्या गावात याविषयी अर्धवट ऐकीव माहिती फार असते. कोणी म्हणते लाखो रुपये लागतात, कोणी म्हणते जबडा फुटतो. म्हणून हा उपाय काय आहे, कोणासाठी आहे, त्याची देखभाल कशी करायची आणि खर्चाचा हिशोब कसा मांडायचा, हे सविस्तर पाहू.

खालचीच कवळी का हलते?

वरच्या कवळीला टाळूचा मोठा आधार असतो. ती टाळूला सपाट चिकटते, मध्ये लाळेचा पातळ थर राहतो आणि ओल्या काचेवर दुसरी काच चिकटावी तशी ती धरून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही. तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा असतो आणि तिच्या वाट्याला वरच्या कवळीच्या जवळपास निम्मीच जागा येते. शिवाय आतून जीभ आणि बाहेरून गाल व ओठ तिला सतत ढकलत असतात. दर शब्दाला, दर घोटाला जीभ हलते आणि कवळी उचलली जाते.

दुसरे कारण हाडाचे आहे. दात असेपर्यंत जबड्याच्या हाडाला काम असते. दात गेले की ते हाड झिजू लागते. पहिल्या वर्षी ही झीज सर्वांत जास्त असते, पण ती पुढे आयुष्यभर चालूच राहते. खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने झिजते, असे अनेक वर्षे रुग्णांचे एक्स-रे तपासून दिसून आले आहे. ज्या उंचवट्यावर कवळी बसायची तोच सपाट होत जातो. म्हणूनच दहा वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी आज तोंडात फिरते. कवळी तीच असते, खालची जमीन खचलेली असते.

आधी साधे उपाय तपासा

हलणाऱ्या प्रत्येक कवळीला इम्प्लांट लागत नाही. कवळी सात-आठ वर्षांपेक्षा जुनी असेल, तिचे दात झिजून सपाट झाले असतील किंवा तिच्या कडा आखूड असतील, तर चांगली नवी कवळी किंवा जुन्या कवळीला आतून नवे अस्तर लावणे पुरेसे ठरू शकते. अस्तर लावणे म्हणजे आजच्या जबड्याचे माप घेऊन कवळीच्या आतल्या बाजूला नवा थर चढवणे. हे काम कमी खर्चात होते.

घरच्या घरी एक साधी खूण पाहता येते. कवळी घालून आरशासमोर बसा, तोंड थोडेसेच उघडा आणि जीभ सैल ठेवा. या स्थितीतही कवळी तरंगत असेल, तर तिचा आकार किंवा माप चुकले असण्याची शक्यता जास्त. स्वस्थ बसल्यावर ती जागेवर राहते, पण बोलताना आणि चावताना उचलली जाते आणि नवी कवळी करूनही हेच होते, तर हाड कमी उरले आहे असे समजावे. इम्प्लांटचा विचार तिथून सुरू होतो.

कवळी चिकटवायची पेस्ट हा तात्पुरता आधार आहे. रोज ती भरपूर थापून वर्षानुवर्षे दिवस काढणे बरे नव्हे. काही पेस्टमध्ये जस्त असते आणि दीर्घकाळ अति वापर केल्याने शरीरातले तांबे कमी होऊन हातापायांच्या नसांना इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

हा उपाय आला कुठून?

स्वीडनमधले डॉक्टर पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क 1950 च्या दशकात सशांच्या हाडावर रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. हाडात बसवलेली टायटॅनियम धातूची नळी प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेना. हाड धातूला घट्ट धरून वाढले होते. टायटॅनियमला शरीर परके मानत नाही, उलट हाड त्याला जखडून घेते, हे त्यातून कळले. 1965 मध्ये ब्रोनेमार्क यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले. लार्सन यांनी ते चाळीस वर्षे, आयुष्याच्या अखेरपर्यंत वापरले.

पुढे प्रश्न आला की पूर्ण कवळी धरायला किमान किती स्क्रू हवेत. 2002 मध्ये कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञ जमले. ज्यांच्या खालच्या जबड्यात एकही दात नाही त्यांच्यासाठी साधी कवळी नव्हे, तर दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा, असे त्यांनी म्हटले. चार-सहा इम्प्लांट लावून पक्के दात बसवण्याच्या पद्धतीही आहेत, पण त्या कितीतरी महाग पडतात. खालच्या जबड्यासाठी दोन हा आकडा परवडणारा आणि तपासलेला आहे.

टिचबटणाची रचना

ही व्यवस्था तीन भागांची असते. पहिला भाग हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू. त्याची जाडी साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर आणि लांबी दहा-बारा मिलिमीटर असते. दुसरा भाग हिरडीच्या वर दिसणारे छोटे डोके, जे या स्क्रूवर घट्ट बसवतात. तिसरा भाग कवळीच्या आत बसवलेली धातूची वाटी. या वाटीत रबराचे किंवा नायलॉनचे कडे असते. कवळी दाबली की डोके कड्यात शिरते आणि टक् असा आवाज होतो. कुर्त्याचे टिचबटण लावावे तसेच हे असते.

डोक्याचे मुख्यतः दोन प्रकार आपल्याकडे वापरले जातात. एक गोल मणी असतो, त्याला बॉल म्हणतात. दुसरा बुटका, चपटा असतो आणि लोकेटर या नावाने ओळखला जातो. लोकेटरची नायलॉनची कडी वेगवेगळ्या रंगांत येतात आणि रंगानुसार पकड कमी-जास्त असते. हात थरथरणाऱ्या किंवा संधिवात असलेल्या माणसाला फार घट्ट कडे दिले, तर कवळी स्वतःला काढताच येत नाही. अशांना हलक्या पकडीचे कडे मागावे. तिसऱ्या प्रकारात दोन्ही स्क्रू धातूच्या दांडीने जोडतात. त्याची पकड चांगली असते, पण खर्च जास्त येतो आणि दांडीखालची सफाई अवघड जाते.

एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ही कवळी काढता-घालता येते. कुल्ली करताना, रात्री झोपताना ती सहज निघते. स्क्रू तिला फक्त जागेवर धरून ठेवतात. चावण्याचा बराचसा भार अजूनही हिरडीवरच असतो, म्हणून कवळीचे माप बिनचूक असणे इथेही गरजेचे आहे. मापात चुकलेली कवळी स्क्रूंवर अडकवली तर हलणे कमी होते, पण दुखणे तसेच राहते आणि कडी लवकर झिजतात.

एका घरातला अनुभव, टप्प्याटप्प्याने

आमच्या मोठ्या खाला अंबडलाच राहतात. वय सहासष्ट. अकरा वर्षांपासून दोन्ही कवळ्या आणि दहा वर्षांपासून मधुमेह. खालची कवळी दोनदा नवी केली, दोन्ही वेळा तीच तक्रार. तिलावत करताना जीभ वर गेली की खालची कवळी उठायची, म्हणून त्या कवळी काढूनच कुरआन वाचायच्या. त्यांच्या उपचारात काय काय झाले, हे क्रमाने सांगते.

डिसेंबर 2023 मध्ये त्यांना छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबादला) एका दंत तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी जबड्याचा एक्स-रे काढला, मग सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन सांगितला. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, पण जाडी दिसत नाही. हाड जिभेच्या बाजूने किती आत वळले आहे, हेही स्कॅनवरच कळते. खालांच्या जबड्यात मागे हाड फारच कमी उरले होते, मात्र पुढे, जिथे सुळे दात असतात तिथे, पुरेसे होते. बहुतेकांच्या बाबतीत असेच असते. दोन स्क्रू सुळ्यांच्या जागी बसवण्याचे एक कारण हे आहे. दुसरे कारण म्हणजे ओठाला संवेदना देणारी नस त्याच्या मागे, दाढांच्या अलीकडच्या दातांखालून बाहेर येते. तिच्या पुढे राहिले की तिला धोका कमी.

रक्ततपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 9.1 आली. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "ही सातच्या आसपास आणा, मग बघू." साखर जास्त असली की जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि हाड स्क्रूला नीट धरत नाही. खालांची मिस्री लावायची सवयही त्यांनी बंद करायला सांगितली. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फसण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळते. मिस्री आणि गुटखा तर थेट त्याच हिरडीवर ठेवला जातो. खालांना साखर सुटायला त्रास झाला नाही, मिस्री सुटायला झाला. मार्चमध्ये एचबीए1सी 7.2 पर्यंत उतरले.

तोवर रमजान सुरू झाला होता. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वेळेवर औषधे आणि थोडे-थोडे मऊ खाणे लागते, म्हणून घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ईदनंतरची तारीख ठरवली. ज्यांना तातडी नाही त्यांनी हे नियोजन आधीच करावे. मधल्या काळात नवी कवळी तयार करून घेतली, कारण स्क्रू कुठे यावेत हे दातांची जागा पाहून ठरते.

एप्रिलच्या अखेरीस दोन्ही स्क्रू बसवले. दात काढताना देतात तशीच सुन्न करणारी इंजेक्शने दिली, पूर्ण भूल नव्हती. हिरडी थोडी उघडून, थंड सलाइनची धार सोडत, कमी वेगाच्या ड्रिलने टप्प्याटप्प्याने छिद्र केले. पाण्याची धार यासाठी की ड्रिलने हाड तापले तर तिथल्या पेशी मरतात आणि स्क्रू पकडत नाही. तासाभरात काम आटोपले. दोन-तीन दिवस सूज होती. दहाव्या दिवशी टाके काढले. त्यानंतर कवळीचा स्क्रूंवर येणारा भाग आतून कोरून, मऊ अस्तर लावून ती घालायला दिली. तोवर डाळखिचडी, दलिया आणि पातळ शोरवा यांवर भागवले.

मग तीन महिने थांबणे. या काळात बाहेरून काहीच घडत नाही, पण खरे काम तेव्हाच होते. हाड स्क्रूभोवती वाढून त्याला जखडते. "पैसे भरले, दात कुठे?" असे विचारणारे पाहुणे याच काळात भेटतात. घाई करून लवकर भार दिला तर स्क्रू सैल होऊ शकतो. जुलैच्या शेवटी स्क्रूंवरची हिरडी थोडी उघडून टोप्या लावल्या, दोन आठवड्यांनी त्या काढून लोकेटरची डोकी बसवली. शेवटी डोक्यांवर वाट्या ठेवून कवळीच्या आतल्या खळग्यात कवळीचाच मसाला भरला आणि खालांना दात मिटून बसायला लावले. मसाला घट्ट झाल्यावर वाट्या कवळीत पक्क्या झाल्या. हे काम खुर्चीवर बसूनच होते.

पहिल्या आठवड्यात त्यांना कवळी काढायला जमेना. दोन्ही बाजूंना अंगठ्याची नखे कडेखाली घालून एकदम वर उचलायची असते. एका बाजूने ओढली तर ती तिरकी अडकते. हे त्यांना आरशासमोर दोनदा शिकवावे लागले.

काय बदलले आणि काय बदलत नाही

बोलताना आणि तिलावत करताना कवळी उठत नाही, हा पहिला फरक होता. खाताना कवळीखाली पेरूच्या बिया आणि तीळ शिरून टोचायचे, तेही कमी झाले. ज्वारीची भाकरी, भुना गोश्त आणि आमच्या भागातल्या मोसंबीच्या फोडी आता खालांच्या ताटात असतात. पुढच्या दातांनी कणीस किंवा आख्खा पेरू तोडणे मात्र टाळायचे असते, कारण त्याने कवळी मागून उचलली जाते.

हाडाचाही फायदा आहे. स्क्रूंभोवतीच्या हाडाला पुन्हा काम मिळते आणि तिथली झीज मंदावते. जबड्याच्या मागच्या भागाची झीज मात्र चालूच राहते. त्यामुळे काही वर्षांनी कवळी मागून खचते आणि दोन स्क्रूंवर सी-सॉसारखी डोलू लागते. हे कसे ओळखावे? मागच्या दाढांवर बोटाने दाबले की पुढची बाजू उचलली जाते, मागे अन्न साचू लागते, किंवा नायलॉनची कडी सहा महिन्यांतच सैल होतात. अशा वेळी फक्त कडी बदलून उपयोग नाही, मागे अस्तर लावावे लागते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चावता येऊ लागले म्हणून आहार आपोआप सुधारत नाही. वर्षानुवर्षे मऊ खाण्याची सवय झालेली असते. काकडी, गाजर, कोशिंबीर, भिजवलेले चणे हे पदार्थ मुद्दाम ताटात आणावे लागतात.

कोणी थांबावे, कोणी आधी सांगावे

वय ही अडचण नाही. ऐंशीच्या घरातल्या लोकांनाही इम्प्लांट बसवले जातात. तब्येत महत्त्वाची. हाडे ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून दिले जाणारे किंवा आठवड्याला घेतले जाणारे औषध चालू असेल, कर्करोगासाठी हाडांचे इंजेक्शन घेतले असेल किंवा जबड्याला शेक दिला असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे. अशा रुग्णांमध्ये जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती चालू ठेवायची की नाही, हे हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचे.

स्क्रू बसवल्यावर ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली, तर फोन करून लगेच दाखवावे. जिभेखाली झपाट्याने सूज येऊन जीभ वर उचलली जाणे आणि श्वासाला अडथळा होणे ही क्वचित होणारी, पण तातडीची गोष्ट आहे. जबड्याच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी दुखावल्याने असे होते. तेव्हा सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठायचे.

आपल्या घरांत विचारला जाणारा एक प्रश्न म्हणजे हाडाची पावडर कशाची असते. हाड कमी असले की काही वेळा भरणी करतात. ती गाईच्या, डुकराच्या किंवा मानवी हाडापासून बनवलेली असू शकते, पूर्णपणे कृत्रिमही मिळते. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन स्क्रूंसाठी बहुधा भरणीची गरज पडत नाही. पडलीच तर डॉक्टरांना आधी विचारा आणि कृत्रिम पावडर मागा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

रोजची देखभाल

खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातले इम्प्लांट चांगले टिकतात. पाच-दहा वर्षांनंतरही शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास जागेवर असतात. जे जातात ते बहुतेक अस्वच्छतेमुळे, तंबाखूमुळे किंवा साखरेमुळे. स्क्रूला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीची हिरडी सुजते आणि मग हाड खाली उतरू लागते.

दिवसातून दोनदा कवळी काढून दोन्ही डोकी चारही बाजूंनी मऊ ब्रशने घासावीत. मिस्वाक करणाऱ्यांनी ती जरूर करावी, पण डोक्यांभोवती मऊ ब्रशच वापरावा. लोकेटरच्या मधल्या खळग्यात अन्नाचा कण अडकून घट्ट झाला तर कवळी पूर्ण बसत नाही आणि नायलॉन लवकर खराब होते. कवळी साध्या साबणाने आणि ब्रशने धुवावी. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात, उकळत्या पाण्याने ती वाकडी होते आणि ब्लीचने वाट्यांचा धातू खराब होतो. धुताना खाली पाण्याने भरलेले तसराळे किंवा टॉवेल ठेवावा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी, हिरडीला विश्रांती मिळते.

कवळी घालताना बोटांनी दाबून बसवावी. जागेवर ठेवून दात आवळून बसवायची सवय फार नुकसानकारक आहे. जरा तिरकी असताना जोराने दात आवळले, तर नायलॉनची कड कापली जाते आणि कधी डोक्याच्या जागी कवळीलाच तडा जातो.

खालांच्या कवळीची कडी दहा महिन्यांनी बदलली. टक् असा आवाज येणे बंद होते, कवळी हळूहळू सैल वाटते, तीच बदलण्याची वेळ. हा बिघाड नाही, चपलेचा तळ झिजावा तशी ही ठरलेली झीज आहे. खरा बिघाड वेगळा दिसतो. डोक्याभोवती ब्रश लागताच रक्त येणे, पू येणे, दाबल्यावर दुखणे किंवा डोके बोटाने हलणे. डोके हलत असेल तर दोन शक्यता असतात. वरचे डोकेच सैल झाले असेल तर ते आवळून काम भागते. खालचा स्क्रू हलत असेल तर तो काढावा लागतो. फरक डॉक्टरच सांगू शकतात, म्हणून त्याच आठवड्यात दाखवावे.

खर्चाचा हिशोब

"एका स्क्रूचे किती?" या प्रश्नाने खर्च कळत नाही. अनेकदा सांगितलेला आकडा फक्त हाडातल्या स्क्रूचा असतो. डोके, वाटी आणि कवळी यांचा खर्च नंतर निघतो. खालांचा हिशोब असा झाला: स्कॅन 2,500 रुपये, रक्ततपासण्या आणि औषधे 1,500, दोन स्क्रू 44,000, दोन डोकी व वाट्या 16,000, वर-खालच्या नव्या कवळ्या 15,000. एकूण 79,000 रुपये. हा एका दवाखान्याचा, एका रुग्णाचा हिशोब आहे. कंपनी, शहर आणि डॉक्टर बदलले की आकडा खाली-वर होतो, पण खर्चाची खाती हीच राहतात.

यात पुढचा खर्चही धरला पाहिजे. कडी आणि तपासणी मिळून वर्षाला 2,500 धरले, तर पुढच्या नऊ वर्षांत 22,500 होतात. तीनदा अस्तराचे 10,500 आणि एकदा नव्या कवळ्यांचे 15,000. म्हणजे दहा वर्षांत 1,27,000 रुपये, महिन्याला हजाराच्या थोडे वर. हा आकडा आधीच घरात मांडावा. सुरुवातीला पैसे उभे करून पुढे कड्यांसाठी टाळाटाळ केली, तर पहिला खर्चही वाया जातो.

पैसे कमी असतील तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कृत्रिम दातांच्या विभागात आधी चौकशी करावी. शिकणारे डॉक्टर तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण साध्या कवळीचा खर्च खूप कमी येतो. इम्प्लांटचे साहित्य उपलब्ध आहे का आणि त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात का, हे त्याच खिडकीवर विचारावे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 2017 पासून गरीब ज्येष्ठांना मिळणाऱ्या साधनांत कवळी आहे, मात्र ती साधी कवळी. अंबडहून आठ-दहा फेऱ्या होतातच. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत आहे, तोही हिशोबात धरा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

पहिल्याच भेटीत कागदावर लिहून न्यावे आणि उत्तरेही लिहून घ्यावीत. माझी कवळी नुसत्या अस्तराने बसेल का? सांगितलेल्या रकमेत डोकी, वाट्या आणि नवी कवळी धरली आहे का? स्क्रू आणि डोके कोणत्या कंपनीचे आहेत? त्याची कडी पाच-सात वर्षांनी मिळतील का? तीन महिन्यांत स्क्रूने हाड धरले नाही तर दुसरा बसवायचा खर्च कोणाचा? काम झाल्यावर कंपनीचे नाव, माप आणि क्रमांक असलेले स्टिकर मागून घ्या आणि ते आधारकार्डाच्या फाइलमध्ये जपून ठेवा. उद्या मुलगा पुण्याला राहायला गेला आणि आईला तिथल्या डॉक्टरांकडे न्यावे लागले, तर तिथे बाकीच्या फाइलपेक्षा त्या छोट्या स्टिकरचाच जास्त उपयोग होईल. एका कंपनीचे कडे दुसऱ्या कंपनीच्या डोक्यावर बहुधा बसत नाही.